पन्नास टीसीएमचा नाला

आराखडा चौदा पानांचा होता. मुखपृष्ठावर हिरव्या डोंगरातून धबधबा कोसळत होता. गावात तसला डोंगर नाही आणि धबधबा तर तालुक्यातही नाही. आत पहिलंच वाक्य होतं : "लोकसहभाग व शासकीय योजनांच्या अभिसरणातून गाव शाश्वत जलसमृद्धीकडे वाटचाल करीत असून, पडणारा थेंब न् थेंब अडवून गाव कायमस्वरूपी टंचाईमुक्त करण्यात येईल."

नोकरीची सगळी वर्षं मी बंधाऱ्यांची मोजमापं करण्यात काढली. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांचे पाण्याचे आराखडे माझ्याकडे येतात, ते भाषा तपासायला. "सर, जरा शुद्धलेखन बघा, ग्रामसभेपुढे ठेवायचंय," असं ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले होते. शुद्धलेखन उत्तम होतं. पंचाईत वेगळीच होती. मी हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारत गेलो : हे खोटं ठरवायचं झालं तर कुठे जाऊन काय बघायचं? चौदा पानांतल्या निम्म्याहून जास्त वाक्यांपाशी उत्तर मिळेना.

ही वाक्यं लबाडीनं लिहिलेली नसतात, हे आधी सांगायला हवं. मागच्या वर्षीच्या आराखड्यातून, शेजारच्या गावाच्या फायलीतून, जिल्ह्याहून आलेल्या नमुन्यातून ती वाहत येतात. लिहिणाऱ्याला आपण काही दडवतोय असं वाटतही नाही. तरी दडवलं जातंच. "वाटचाल करीत असून" हे कधीही खरंच असतं. मुक्कामाला न पोचलेला प्रत्येक जण वाटचालच करत असतो. "कायमस्वरूपी" खोटं ठरायला अनंतकाळ थांबावं लागेल. आणि "करण्यात येईल" या क्रियापदाला कर्ताच नाही. आपल्या सरकारी मराठीनं घडवलेलं हे सर्वांत सोयीचं यंत्र आहे : काम आहे, काळ आहे, माणूस तेवढा नाही. सरपंचताईंना मी विचारलं, "ताई, नाल्यातला गाळ काढण्यात येईल असं लिहिलंय. कोण काढणार?" त्या भाऊसाहेबांकडे बघू लागल्या, भाऊसाहेब रोजगार सेवकाकडे, आणि रोजगार सेवक म्हणाला, "ते मशिनचं काम आहे ना, आपल्याकडं येत नाही." तिघंही खरं बोलत होते. वाक्य तिघांनाही चालत होतं, कारण ते तिघांतल्या कुणाचंच नव्हतं.

अशा वाक्यांना निदान हात लावता येतो. खोडावीत, किंवा कर्ता विचारून पुन्हा लिहावीत. "आवश्यकतेनुसार", "टप्प्याटप्प्याने", "यथावकाश" हे शब्द काढले की वाक्य काही न बिघडता उभं राहतं किंवा कोसळतं, आणि दोन्ही बाबतींत आपल्याला काहीतरी कळतं. अधिक जपून राहायचं ते ज्यात आकडा आहे त्या वाक्यापासून. आकडा दिसला की वाचणारा निर्धास्त होतो. हा आराखडाही सहाव्या पानावर अचानक नेमका झाला होता : "नाला खोलीकरणाद्वारे 50 टीसीएम जलसाठा निर्माण होऊन 100 हेक्टर क्षेत्र सिंचनाखाली येईल."

टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर म्हणजे एक टीसीएम. म्हणजे पन्नास टीसीएम हे पाच हजार टँकर झाले. हा आकडा आला कुठून? भाऊसाहेबांनी फाईल काढली. नाल्याची लांबी 1,200 मीटर, रुंदी 10 मीटर, खोली 2 मीटर. गुणाकार केला तर 24,000 घनमीटर, म्हणजे 24 टीसीएम. पन्नास कसे झाले? फायलीच्या कडेला कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : "दोन वेळा भरेल." चोविसाचे दुप्पट अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळीस बोलायला अवघड म्हणून पन्नास. "दोन वेळा भरेल" ही अख्ख्या हिशेबाचा कणा असलेली गोष्ट कडेच्या पेन्सिलीत राहिली आणि आराखड्यात आला तो फक्त गोल आकडा.

संपादकाचं काम इथे भाषेचं राहत नाही. पन्नासच्या मागे गेल्याशिवाय ते वाक्य दुरुस्त करता येत नाही. मी विचारलं, गेल्या पाच वर्षांत नाला कोणत्या वर्षी किती वेळा भरून वाहिला? नोंद नव्हती. मग "दोन वेळा" हे गृहीत आहे, एवढंच लिहिता येतं.

चोवीसही टिकेनात. लांबी, रुंदी आणि खोलीचा सरळ गुणाकार हा हौदाचा हिशेब आहे. नाल्याला उतार असतो आणि पाणी सपाट उभं राहतं. या नाल्याचा तळ साधारण तीनशे मीटरला एक मीटर उतरतो. त्यावर दोन सिमेंट बांध आहेत, सहाशे-सहाशे मीटरच्या टप्प्यावर. खोदाई तळाचा उतार धरूनच होणार होती. तेव्हा बांधाला लागून दोन मीटर पाणी असेल, पण सहाशे मीटर वर जाईपर्यंत तळ दोन मीटर चढलेला असेल आणि पाण्याची खोली शून्यावर येईल. म्हणजे पाण्याचा आकार पाचरीचा, सरासरी खोली एक मीटर. सहाशे गुणिले दहा गुणिले एक, असे दोन टप्पे : 12,000 घनमीटर. बारा टीसीएम. पोकलेन दोन मीटर खोदेल हे खरं, बिलही चोवीस हजार घनमीटर खोदाईचंच निघेल, पण उभं राहणारं पाणी त्याच्या निम्मंच. खोदलेली माती आणि साठलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "जलसाठा निर्माण होऊन" या शब्दांखाली त्या बेमालूम एक झाल्या होत्या.

आता शंभर हेक्टर. एका हेक्टरवर पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर 500 घनमीटर लागतं. पन्नास टीसीएमला पाचशेनं भागलं की बरोबर शंभर येतात. हिशेब चुकलेला नव्हता. "सिंचनाखाली" या शब्दात मात्र त्यानं एक अट गिळली होती : प्रत्येक हेक्टरला फक्त एकदा पाणी. पावसानं ओढ दिली तर खरिपाचं पीक त्या एका पाण्यावर वाचू शकतं. सरकारी कागदांत त्याला संरक्षित सिंचन म्हणतात आणि ती मोलाची गोष्ट आहे. पण गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. "शंभर हेक्टर सिंचनाखाली" असं वाचून ज्यानं मनात गहू किंवा कांदा धरला, त्याच्यापुरतं ते वाक्य खोटं आहे, आणि ज्यानं लिहिलं त्याच्यापुरतं खरं. बारा टीसीएम धरले तर एका पाण्याला चोवीस हेक्टर होतात. तेही सगळं पाणी उपसता आलं तर. प्रत्यक्षात त्यातलं काही उन्हानं उडतं आणि बरंचसं मुरतं. मुरणं वाईट नाही, ते विहिरींत येतं. फक्त आठव्या पानावर "परिसरातील विहिरींच्या साठ्यात 20 टीसीएम वाढ" असं जे पुन्हा जमेला धरलं होतं, ते बऱ्याच अंशी हेच पाणी होतं. एकच पाणी नाल्यात एकदा आणि विहिरीत एकदा मोजलं गेलं होतं.

पहिल्या पानावरचं "थेंब न् थेंब अडवून" मी आधी शोभेचं म्हणून सोडून देणार होतो. मग वाटलं, हेही विधानच आहे, तपासून बघू. गावाचं क्षेत्र 900 हेक्टर, पाऊस 500 मिलिमीटर धरला. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर. त्या हिशेबानं गावात वर्षाला 4,500 टीसीएम पाणी पडतं. आराखड्यातली जुनी-नवी सगळी कामं, त्यांनीच दिलेले फुगीर आकडे धरूनही, 180 टीसीएम होत होती. शेकडा चार. उरलेल्यातलं बरंचसं जमीन आणि पिकं पितात, काही उडून जातं, काही ओढ्यानं खाली जातं. थेंब न् थेंब अडवला जाणार नाही हे उघड आहे, आणि अडवला तर ओढ्याच्या खालच्या गावानं काय करायचं हा प्रश्न त्या घोषणेला कधी पडलेला दिसत नाही. मुद्दा एवढाच, की अलंकार म्हणून आलेल्या शब्दात कधीकधी तपासता येण्याजोगं आणि खोटं विधान दडलेलं असतं. ते डोळेझाक करून सोडू नये, कारण पुढच्या पानांवरचे आकडे त्याच्याच सावलीत वाचले जातात.

"टंचाईमुक्त" या शब्दापाशी थोडं थांबायला हवं, कारण हा शब्द गावानं घडवलेला नाही. डिसेंबर 2014 मध्ये राज्य शासनानं जलयुक्त शिवार अभियान जाहीर केलं, तेव्हा त्याचं ब्रीद होतं "सर्वांसाठी पाणी – टंचाईमुक्त महाराष्ट्र 2019". एका बाबतीत ते आपल्याकडच्या बहुतेक घोषणांपेक्षा प्रामाणिक होतं : त्यात साल होतं. पण टंचाई म्हणजे काय, ती कशानं मोजायची आणि किती पाऊस पडला असता हे लागू, हे त्या शब्दात नव्हतं. 2018 चा पाऊस दगा देऊन गेला, त्या ऑक्टोबरात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि 2019 च्या उन्हाळ्यात टँकर धावले. 2020 मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळापुढे आला. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याचा आणि भूजल वाढवण्याचा उद्देश फारसा साधला नाही, असा त्याचा रोख होता. मग जो वाद झाला त्यात एक बाजू कामांची संख्या आणि साठवणक्षमता सांगत राहिली, दुसरी बाजू टँकर मोजत राहिली. साठवणक्षमता आणि टँकर यांची गाठ पडायला मधे पाऊस, उपसा आणि पिकं यांचा हिशेब लागतो. ब्रीद लिहितानाच तो मागितला असता तर पाच वर्षांनी निदान भांडणाचा विषय एक राहिला असता. पावसावर अवलंबून असलेलं कोणतंही वचन पावसाच्या आकड्याशिवाय लिहिलं, की ते चांगल्या वर्षी आपोआप खरं ठरतं आणि वाईट वर्षी निसर्गाच्या माथी मारता येतं.

आमच्या गावासाठी "टंचाईमुक्त" या शब्दाच्या जागी काय लिहायचं? भाऊसाहेबांनी सुचवलं, "मार्च ते जून एकही टँकर मागवावा लागणार नाही." ऐकायला नेमकं. पण टँकरचा प्रस्ताव ग्रामपंचायतच पाठवते. प्रस्ताव न पाठवला की वाक्य खरं ठरलं, मग वाडीवरच्या बाया दोन किलोमीटरवरून हंडे का आणेनात! ज्याच्यावर वचनाची जबाबदारी, त्याच्याच हातात मोजमाप असलं की मोजमाप वाकतं. म्हणून आम्ही टँकर सोडला आणि विहिरी धरल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. तीच रीत लहान प्रमाणात उचलली. गावठाणातली पाणीपुरवठ्याची विहीर, वाडीवरची एक आणि नाल्याच्या खालच्या अंगाची एक, अशा तीन विहिरी ठरवल्या. काठाच्या एका दगडावर तांबडी खूण, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर जलसुरक्षक दर महिन्याच्या एक तारखेला मोजणार आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणार, शेजारी त्या वर्षीचा पाऊसही. माणशी रोज 55 लिटर हे जलजीवन मिशनचं प्रमाण. 2,100 लोकसंख्येला ते रोज 1,15,500 लिटर होतं, वर्षाला सुमारे 42 टीसीएम. मे महिन्यात हे पाणी कुठल्या विहिरीतून येणार, एवढंच आराखड्यानं सांगायचं होतं. चौदा पानांत ते कुठेच नव्हतं.

"शाश्वत" हा शब्द तर मी सरसकट खोडतो, आणि त्याबद्दल माझ्यावर रागही होतो. त्याच्या जागी काय यायला हवं हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं फार पूर्वी दाखवलेलं आहे. तिथल्या गावकऱ्यांनी शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असं ठरवलं आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. या नियमांत एकही विशेषण नाही. शिवारात चक्कर मारून शाळकरी पोरगंही सांगेल, ऊस आहे की नाही. आमच्या आराखड्यात "पीकपद्धतीबाबत जनजागृती करण्यात येईल" असं होतं. मी ताईंना म्हणालो, उसावर काही बंधन घालणार असाल तर तसं लिहा, नसाल तर हे वाक्य काढून टाका. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, सदस्यांतच तिघांचा ऊस आहे." वाक्य निघालं. गावाच्या पाण्यातला सर्वांत मोठा खर्च आराखड्याबाहेर आहे, हे त्यामुळे निदान दिसू लागलं.

असं संपादन करताना मी स्वतः दोनदा घसरलो, म्हणून तेही सांगतो. "पुरेसा साठा" खोडून तिथे मी माझ्या अनुभवानं एक आकडा लिहून टाकला. तो आकडा कुणी मोजलेला नव्हता, पण छापून आला असता तर मोजलेलाच वाटला असता. मूळच्या पोकळ शब्दापेक्षा ते वाईट, कारण पोकळ शब्दाची शंका तरी येते. आता जिथे आकडा नाही तिथे मी कोरी रेघ ओढतो आणि पुढे कुणाला विचारायचं त्याचं नाव लिहितो. दुसरी घसरण अशी, की तपासता येण्याच्या नादात मी सोप्या वाक्यांना जास्त जागा देऊ लागलो : दोन बैठका, तीन फलक, पाचशे रोपं. ही सगळी वाक्यं वर्षअखेरीस खरी ठरतात आणि पाण्याची पातळी आहे तिथेच असते. बैठका मोजणं सोपं, म्हणून आराखडा बैठकांकडे झुकत जातो. तेव्हा काही वाक्यं "आम्हाला माहीत नाही" अशीच ठेवावी लागतात. नाल्याबद्दलचं वाक्य शेवटी असं झालं : "नाल्याची रुंदी 10 मीटर धरली, तर दोन्ही बांधांमागे मिळून नाला एकदा पूर्ण भरला की सुमारे 12 टीसीएम पाणी उभे राहील. ते सगळे उपसता आले तर 24 हेक्टरांना एकदा 5 सेंटिमीटर पाणी देता येईल. नाला वर्षात किती वेळा भरतो याची नोंद नाही. या पावसाळ्यापासून जलसुरक्षक ती ठेवील." पन्नास आणि शंभरच्या मानानं हे दरिद्री दिसतं. भाऊसाहेब म्हणाले, "वर पाठवल्यावर निधी कमी होईल सर." होऊ शकतो. शेजारच्या गावानं पन्नासच लिहिले असतील तर नक्कीच होईल. या भीतीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आराखडे फुगतात त्याचं मोठं कारण लिहिणाऱ्याच्या भाषेत नसून वाचणाऱ्याच्या टेबलावर असतं, हेही खरं आहे.

आराखडा चार पानांचा झाला. धबधबा काढून टाकला. ग्रामसभेत भाऊसाहेबांनी तो वाचायला घेतला, तेव्हा नेहमीसारखी चुळबुळ होती. नाल्याचा परिच्छेद आला तशी मागं भिंतीला टेकलेला एक मेंढपाळ म्हातारा उठला. "भाऊसायेब, दहा मीटर कुठं हाय त्यो? मोरीच्या खाली हाय. वरल्या बांधामागं माझी मेंढरं एका रांगेत जात्यात, तिथं सा मीटर बी न्हाई."

चौदा पानी आराखड्यातही रुंदी दहाच धरलेली होती, पण तिथे ती गुणाकारात लपलेली होती. आता ती उघड्यावर आली होती. मी स्वतः ती मोजली नव्हती. फायलीतली उचलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेप घेऊन गेलो. म्हातारा पुढे, जलसुरक्षक मागे. वरच्या टप्प्यात सहा ठिकाणी मोजलं. सरासरी सहा मीटर भरली. वरच्या टप्प्यात सहा हजारांच्या जागी 3,600 घनमीटर, दोन्ही मिळून 9,600. भाऊसाहेबांनी बांधावर बसूनच बारा खोडून साडेनऊ लिहिले, चोवीस हेक्टरांचे एकोणीस केले, आणि म्हाताऱ्याला विचारलं की गेल्या साली नाला किती वेळा भरला. "दोनदा म्हंजी काय," तो म्हणाला, "एकदाच भरला, पोळ्याच्या आदल्या राती. दुसऱ्या खेपंला वरला बांध भरलाच न्हाई."

जलसुरक्षकानं वहीत पहिली नोंद केली.